सातबारा ते जाहिरात: एकाच शेतजमिनीची मराठी-इंग्रजी जाहिरात लिहिताना ठेवलेल्या नोंदी

काम असं: रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या एका गावची आंब्याची बाग विकायची आहे. मालक तीन भाऊ, सातबारा सामाईक. जाहिरात मराठीतही हवी आणि इंग्रजीतही. मुंबई, कोल्हापूर, पुण्याकडची माणसं मराठी वाचतील. मराठी न येणारे, आणि ज्यांचे वकील किंवा मुलं इंग्रजीतूनच कागद बघतात असे लोक इंग्रजी वाचतील. बऱ्याचदा एकाच घरात दोन्ही वाचली जातात, त्यामुळे दोन्हींत फरक असला की पहिला फोन त्याबद्दलच येतो. दोघांनी मिळून काम केलं. गावाचं नाव आणि खरा सर्वे नंबर इथे दिलेला नाही.

४ नोव्हेंबर

मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या मजकुरावरून आधी मराठी मसुदा केला आणि त्याचं ओळीला ओळ लावून इंग्रजी केलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही तयार झाले. हे दोन्ही पुढे टाकून द्यावे लागले. म्हणजे एक पूर्ण दिवस गेला. पण त्यातल्या चुकांमुळेच पुढच्या कामाची दिशा ठरली, म्हणून त्या खाली सविस्तर लिहिल्या आहेत.

५ नोव्हेंबर: क्षेत्र

मालकांच्या मजकुरात होतं, 'क्षेत्र ६२ गुंठे'. मराठी मसुद्यात ते '१ एकर २२ गुंठे' झालं, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्रजी करताना तेच '१.२२ एकर' म्हणून उतरलं. इंग्रजी वाचणारा दशांश चिन्हाचा अर्थ दशांशच घेणार. त्याच्या हिशेबी जमीन ४८.८ गुंठ्यांची झाली, म्हणजे १३ गुंठे हवेत विरले. किंमत ३७ लाख असल्यामुळे मराठी वाचकाला गुंठ्याचा भाव साठ हजाराच्या आसपास दिसतो आणि इंग्रजी वाचकाला ७५,८००.

त्यानंतर डिजिटल सहीचा सातबारा काढला, १५ रुपये. त्यावर क्षेत्र ०.६२.४० आहे. हे हेक्टर, आर, चौरस मीटर असं वाचायचं: शून्य हेक्टर, ६२ आर, ४० चौरस मीटर. एकूण ६,२४० चौरस मीटर. म्हणजे मालकांचे '६२ गुंठे' हे खरं तर ६२ आर होते. आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, त्यामुळे गावात दोन्ही एकच समजून बोलतात. ६,२४० चौरस मीटरचे ६१.६८ गुंठे होतात. ६२.४० आणि ६१.६८ यांतला फरक पाऊण गुंठ्याहून थोडा कमी आहे, पण गुंठ्याला साठ हजार धरले तर तो ४३,२०० रुपयांचा होतो. खरेदीखताच्या दिवशी हा आकडा निघाला तर चेहरे बदलतात.

ठरलं ते असं: दोन्ही भाषांत मूळ आकडा चौरस मीटरचा, कारण सरकारी कागदावर तोच आहे. पुढे मराठीत गुंठे, इंग्रजीत एकर. 'एकर-गुंठे' हा जोडआकडा कुठेच वापरायचा नाही. बिंदू देऊन तर नाहीच.

```
क्षेत्र: 6,240 चौ. मी. (61.68 गुंठे). 7/12 वर 0.62.40 हे.आर.
Area: 6,240 sq m (1.54 acres). Shown on the 7/12 extract as 0.62.40 (hectare.are.sq m).
```

जाहिरातीत आकडे दोन्हीकडे इंग्रजी अंकांत ठेवले. घेणारा तोच आकडा उचलून गणकयंत्रात टाकतो. मराठी अंक टाकल्यावर काही फोनवर तो चिकटत नाही.

७ नोव्हेंबर: सारखे दिसणारे शब्द

इंग्रजी मसुदा सातबारासमोर ठेवून वाचला. चार ठिकाणी शब्द बरोबर होता पण अर्थ भलताच निघत होता.

पहिला, हिस्सा. कोकणात जमीन बहुतेक सर्वे नंबर आणि हिस्सा नंबरने ओळखली जाते, उदाहरणार्थ सर्वे ४७ हिस्सा ३. मसुद्यात 'शेअर नंबर ३' लिहिलं होतं. इंग्रजी वाचकाला वाटणार की विकणाऱ्याकडे जमिनीचा तिसरा वाटा आहे. इथे तर मालक खरोखर तीन आहेत, त्यामुळे गैरसमज पक्काच झाला असता. हिस्सा नंबर म्हणजे सर्वे नंबराचा पोटविभाग, त्याचा मालकीच्या वाट्याशी संबंध नाही. इंग्रजीत हिस्सा नंबर तसाच ठेवला आणि पुढे 'सबडिव्हिजन' जोडलं. तीन मालकांची गोष्ट वेगळ्या वाक्यात सांगितली.

दुसरा, भोगवटादार वर्ग १. याचं झालं होतं 'फर्स्ट क्लास ऑक्युपंट'. वाचणाऱ्याला वाटेल की जमिनीवर कोणी राहतं, आणि तेही पहिल्या दर्जाचं. वर्ग १ म्हणजे ही जमीन विकताना धारणा प्रकारामुळे सरकारची आगाऊ परवानगी लागत नाही. वर्ग २ असती तर ती लागली असती. इंग्रजीत कागदावरचं नाव 'ऑक्युपंट क्लास वन' म्हणून दिलं आणि अर्धं वाक्य जोडून त्याचा अर्थही सांगितला. मग लक्षात आलं की मराठीतही नुसतं 'वर्ग १' लिहून भागत नाही. शहरात वाढलेल्या मराठी वाचकालाही ते कळत नाही. अर्थाचं अर्धं वाक्य दोन्हीकडे गेलं.

तिसरा, पोटखराबा. 'बॅड लँड' लिहिलं होतं. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र ०.५४.१० आणि पोटखराबा वर्ग अ ०.०८.३० आहे. वर्ग अ म्हणजे शेतीला निरुपयोगी म्हणून धरलेला भाग, इथे उघडा कातळ. वर्ग ब असता तर रस्ता, ओढा असा सार्वजनिक वापराचा भाग निघाला असता, आणि घेणाऱ्यासाठी तो फार वेगळा विषय आहे. त्यामुळे अ की ब हे दोन्ही भाषांत लिहायचं, आणि 'कातळ' हा शब्दही लिहायचा. मराठी मसुद्यात पोटखराब्याचा उल्लेखच नव्हता. मालकांना तो लिहायचा नव्हता, पण सातबारा मागितल्यावर तो दिसणारच आहे.

चौथा, एन.ए. मराठीत 'एन.ए. नाही' एवढं पुरतं, जमिनीचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला ते कळतं. इंग्रजीत माहितीच्या तक्त्यात एन.ए. ही दोन अक्षरं दिसली की वाचणारा 'नॉट अ‍ॅप्लिकेबल', म्हणजे 'लागू नाही', असं वाचतो. आमच्या तक्त्यात 'स्टेटस' समोर नेमकी हीच दोन अक्षरं आणि पुढे 'नो' होतं. लागू नाही, नाही. याचा अर्थ कोणी काय लावावा? पूर्ण लिहिलं: बिगरशेती परवानगी घेतलेली नाही. त्याच झटक्यात 'प्लॉट' हा शब्द दोन्हीकडून काढला, कारण प्लॉट म्हटल्यावर लोक बिगरशेती बंगल्याची जागा समजतात. मराठीत शेतजमीन, इंग्रजीत 'अ‍ॅग्रिकल्चरल लँड'.

८ नोव्हेंबर: पद्धत बदलली

या चार दुरुस्त्यांनंतर दिसलं की मराठीवरून इंग्रजी करत राहिलो तर मराठीत जे गृहीत धरलंय ते इंग्रजीत येणारच नाही, आणि मराठीतल्या चुका मात्र येतील. म्हणून दोन्ही मसुदे बाजूला ठेवले आणि आधी माहितीचा तक्ता केला. साधी स्प्रेडशीट. प्रत्येक ओळीत एक बाब. पाच रकाने: बाब काय, आकडा किंवा स्थिती काय, कुठून कळली, मराठी वाक्य, इंग्रजी वाक्य. शेवटचे दोन रकाने शेवटपर्यंत रिकामे ठेवायचे.

'कुठून कळली' हा रकाना सगळ्यात उपयोगी पडला. त्यात चारच उत्तरं चालतील असं ठरवलं: सातबारा, गावनकाशा, जागेवर मोजलं, मालक सांगतात. एकूण २२ ओळी झाल्या. त्यातल्या ११ ओळींत 'मालक सांगतात' आलं. झाडं, विहीर, रस्ता, कुंपण, सगळं तोंडी. जागेवर गेल्याशिवाय पुढे काही लिहिता येईना.

१४ नोव्हेंबर: जागेवर

रिक्षाने जाऊन-येऊन ९०० रुपये. बरोबर नेलं: पन्नास मीटरची मोजपट्टी, खडू, दोरी आणि तिला बांधायला एक दगड.

झाडं. मालकांचा आकडा ५० कलमं. मोजताना प्रत्येक खोडावर खडूने रेघ मारली, कारण उतारावर फिरताना एकच झाड दोनदा मोजलं जातं. निघालं असं: हापूसची ३८ कलमं, ५ रायवळ, गेल्या पावसात लावलेली ३ रोपं आणि ४ वाळलेले बुंधे. बेरीज पन्नासच. मालक खोटं बोलत नव्हते, त्यांनी सगळंच मोजलं होतं. ३८ पैकी २९ कलमं उत्पन्न देतात, हे त्यांनी झाडागणिक दाखवलं.

इंग्रजीत 'कलम' हा शब्द अडला. पहिल्या मसुद्यात 'फिफ्टी मँगो ग्राफ्ट्स' होतं. ग्राफ्ट म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नर्सरीतली पिशवी येते. कोकणात मात्र चाळीस वर्षांच्या झाडालाही कलमच म्हणतात. इंग्रजीत 'ग्राफ्टेड अल्फान्सो ट्रीज' लिहिलं आणि उत्पन्न देणारी किती ते वेगळं सांगितलं. रायवळीला कोणीतरी सुचवल्याप्रमाणे 'वाइल्ड' म्हणणार होतो. पण रायवळ म्हणजे बाठ्यापासून वाढलेलं झाड, रानटी नव्हे, म्हणून 'सीडलिंग' लिहिलं. वाळलेले बुंधे कुठेच लिहिले नाहीत, पण ५० हा आकडाही दोन्हीकडून गेला.

विहीर. मालकांचा शब्द 'बारमाही'. इंग्रजीत त्याचं 'पेरेनियल' झालं होतं, आणि तिथे मालक सांगतात की आम्ही सांगतो हा भेद उरलाच नव्हता. नोव्हेंबरात गेल्यावर मे महिन्यातलं पाणी मोजता येत नाही. दगड बांधलेली दोरी सोडून मोजलं: काठापासून तळ ९.५ मीटर, पाणी ४.२ मीटरवर. लिहिलं तेवढंच, तारखेसकट. पुढे 'मालकांच्या सांगण्याप्रमाणे मे अखेरपर्यंत पाणी असतं'. या वाक्यातलं 'सांगण्याप्रमाणे' इंग्रजीत गळू द्यायचं नाही. भाषांतर करताना सगळ्यात आधी गळतात ते असलेच शब्द.

```
विहीर: खोली 9.5 मी.; 14 नोव्हेंबरला पाणी काठापासून 4.2 मी. खाली. मालकांच्या सांगण्याप्रमाणे मे अखेरपर्यंत पाणी असते.
Well: 9.5 m deep; water 4.2 m below the rim on 14 November. The owners say it holds water until the end of May.
```

खालच्या अंगाचा पऱ्या. एका मसुद्यात चक्क 'रिव्हर टच' आला होता. पऱ्या पावसाळी आहे आणि जानेवारीपर्यंत आटतो, हेही मालकांनीच सांगितलं. दोन्हीकडे 'पावसाळी ओढा' लिहिलं.

१६ नोव्हेंबर: रस्ता

यावर एक पूर्ण दिवस लागला. 'रोड टच' हे दोन शब्द मराठी जाहिरातींत इतके मुरलेत की ते इंग्रजी आहेत असं वाटतच नाही. पण भारताबाहेरच्या वाचकाला त्यांचा अर्थ लागत नाही, आणि मराठी वाचकाला जास्तच लागतो: त्याला वाटतं डांबरी रस्ता बागेच्या कडेने जातो.

मोजलं. डांबरी रस्त्यापासून बागेच्या तोंडापर्यंत १८० मीटर पाणंद आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे रचलेल्या भिंती. सगळ्यात अरुंद जागी दोन गडग्यांमध्ये २.३ मीटर. छोटी मोटार जाते, टेम्पो अडकतो. पावसात चिखल होतो आणि मोटारही जात नाही. ही पाणंद गावनकाशावर दाखवलेली आहे, हे तपासलं. त्यामुळे इंग्रजी मसुद्यातलं 'प्रायव्हेट रोड' साफ चूक होतं, कारण त्याने उलटाच अर्थ होतो: वाट कोणाच्या तरी मालकीची आहे आणि तो ती अडवू शकतो.

पाणंद या शब्दाला इंग्रजीत नेमका शब्द मिळाला नाही, आणि शोधायची गरजही पडली नाही. वाचणाऱ्याला शब्द नको असतो, रुंदी हवी असते. 'गावनकाशावर दाखवलेली कच्ची वाट, १८० मीटर, अरुंद जागी २.३ मीटर, पावसाळ्यात मोटार जात नाही' एवढं दोन्ही भाषांत सारखंच लिहिता येतं. मराठीत 'पाणंद' हा शब्द ठेवला, कारण इथल्या वाचकाला त्यातून बाकीचं चित्र आपोआप दिसतं.

तसंच 'गावापासून हाकेच्या अंतरावर'. हे वाक्य मराठीत छान लागतं, पण त्यातून कळत काहीच नाही. दोन्हीकडून काढलं आणि शाळेपासूनचं अंतर मीटरमध्ये दिलं. स्टेशनचं नाव कोकण रेल्वेवर 'राजापूर रोड' आहे, ते अर्धवट 'राजापूर स्टेशन' असं लिहू नये. राजापूर गाव तिथून बरंच दूर आहे, नवखा माणूस तिथे उतरून चालायला लागेल.

१७ नोव्हेंबर: कोण घेऊ शकतं

मराठी मसुद्यात ही ओळच नव्हती, कारण शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण धरून चालतो. महाराष्ट्राच्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. इंग्रजी वाचणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर त्याला हे अजिबात माहीत नसतं, आणि दहातले सहा फोन फुकट जातात. इंग्रजी जाहिरात परदेशातही फिरते, म्हणून आणखी एक ओळ: अनिवासी भारतीयांना आणि परदेशी नागरिकत्वाच्या भारतीय वंशीयांना भारतात शेतजमीन खरेदी करता येत नाही. परकीय चलनाच्या नियमांतलीच ही अट आहे.

इथे मतभेद झाला. एकाचं म्हणणं, ही ओळ फक्त इंग्रजीत असावी, मराठीत कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, अमेरिकेतला मराठी माणूस मराठीच वाचतो आणि चुलतभावाला पैसे पाठवून 'घेऊन टाक' म्हणतो. दुसरं पटलं. दोन्ही ओळी दोन्हीकडे गेल्या.

'कूळ' या शब्दाचीही नोंद इथेच. सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव नाही, ही विकणाऱ्यासाठी चांगली गोष्ट, म्हणून ती लिहायची. इंग्रजीत 'नो टेनंट' लिहिलं तर वाचक घरभाड्याचा भाडेकरू समजतो. 'कूळकायद्याखालच्या कुळाची नोंद नाही' असं कायद्याचं नाव जोडून लिहिलं.

१८ नोव्हेंबर: बोजा

इतर हक्कांत गावच्या विकास सोसायटीचा ४०,००० रुपयांचा बोजा आहे. मालकांनी कर्ज फेडलंय, दाखलाही आहे, पण सातबाऱ्यावरची नोंद अजून कमी झालेली नाही. मराठी मसुद्यात होतं 'बोजा फेडला आहे'. इंग्रजीत होतं 'क्लिअर टायटल'. पहिल्यात अर्धी माहिती, दुसऱ्यात दावा. 'निर्वेध', 'बोजारहित', 'क्लिअर टायटल' हे तिन्ही शब्द दोन्ही जाहिरातींतून काढून टाकले. त्याऐवजी: कर्ज फेडलं, सोसायटीचा दाखला आहे, सातबाऱ्यावर नोंद अजून आहे, ती कमी करण्यासाठी तलाठ्यांकडे अर्ज दिला आहे. मालकी हक्क निर्वेध आहे की नाही ते घेणाऱ्याचा वकील ठरवेल.

१९ नोव्हेंबर: प्रत्यक्ष लिहिणं

तक्ता पूर्ण झाल्यावर लिहायला अडीच तास लागले, दोन्ही भाषा मिळून. एकाने मराठी, दुसऱ्याने इंग्रजी, एकाच वेळी, एकमेकांचं न बघता. दोघांसमोर फक्त पहिले तीन रकाने. त्यामुळे इंग्रजी वाक्यांना मराठी वळण आलं नाही, आणि मराठीत 'सदर मालमत्ता विक्रीसाठी उपलब्ध आहे' अशी सरकारी इंग्रजीची सावलीही पडली नाही. मराठी सुरुवात झाली 'राजापूर तालुक्यातली हापूसची बाग विकायची आहे.' इंग्रजी सुरुवात क्षेत्र आणि जिल्ह्याने झाली, कारण तो वाचक आधी हे कुठे आहे आणि किती मोठं आहे तेच शोधतो. क्रम वेगळा चालतो. फक्त २२ ओळींतली एकही राहता कामा नये. शेवटी तक्त्यावर खुणा करत दोन्ही वाचल्या. मराठीतून पोटखराबा पुन्हा गळला होता.

इंग्रजी जाहिरातीत गाव, तालुका आणि हिस्सा नंबर देवनागरीतही लिहिले. भूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा शोधताना गावांची यादी मराठीत येते. इंग्रजीत गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि बाहेरच्या माणसाला त्यावरून ते यादीत सापडत नाही.

२१ नोव्हेंबर: दोन वाचकांकडून तपासणी

मराठी जाहिरात कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षकांना, इंग्रजी बेंगळुरूच्या मराठी न येणाऱ्या एका ओळखीच्यांना दिली. दोघांना तेच दहा प्रश्न विचारले: क्षेत्र किती, टेम्पो जाईल का, उत्पन्न देणारी झाडं किती, कर्ज आहे का, बांधकाम आहे का, कुंपण आहे का, असे. सात उत्तरं जुळली. तीन जुळली नाहीत.

बांधकाम: मराठीत 'मांगर' लिहिलं होतं. कोल्हापूरच्या गुरुजींना तो शब्दच माहीत नव्हता, त्यांनी 'माहिती नाही' म्हटलं. बेंगळुरूच्या बाईंनी इंग्रजीतल्या 'फार्म स्ट्रक्चर'वरून फार्महाऊस गृहीत धरलं. खरं म्हणजे ३ बाय ३.६ मीटरची चिऱ्याची खोली, कौलारू, वीज नाही. दोन्हीकडे तेच शब्द गेले, मराठीत 'मांगर' पुढे ठेवून.

कुंपण: मराठीत 'तीन बाजूंना गडगा', इंग्रजीत 'एन्क्लोज्ड'. इंग्रजीत चौथी बाजू उघडी आहे हे सुटलं होतं. कोल्हापूरकडे गडगाही माहीत नाही, म्हणून तिथेही 'चिऱ्यांची रचलेली भिंत' जोडलं.

विकणारे: इंग्रजी वाचकाने विचारलं, तिघांपैकी कोण विकतंय? मराठीत 'सामाईक' लिहिलेलं असल्याने गुरुजींना शंका आली नाही. दोन्हीकडे स्पष्ट केलं: तिन्ही मालक मिळून संपूर्ण क्षेत्र विकणार, तुकडे पाडून नाही.

म्हणजे मराठी जाहिरातीचं भाषांतर एका अर्थी मराठीतही करावं लागलं, राजापुरी मराठीतून कोल्हापूरच्या वाचकासाठी.

२४ नोव्हेंबर: प्रसिद्ध केली

दोन्ही जाहिराती एकाच मजकुरात, आधी मराठी, खाली इंग्रजी अशा टाकल्या. चूक झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मजकूर 'अधिक वाचा'खाली दडतो, आणि पुढे पाठवणारे वरचा भाग तेवढा उचलतात. दोन दिवसांत इंग्रजी भागाशिवायची प्रत परत आमच्याकडेच आली, 'इंग्लिशमध्ये आहे का?' या प्रश्नासह. मग दोन स्वतंत्र मजकूर केले. प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत दुसऱ्या भाषेतही जाहिरात आहे हे त्या दुसऱ्या भाषेत लिहिलं आणि शेवटी 'माहिती २४ नोव्हेंबरपर्यंतची' ही ओळ टाकली. तारीख दोन्हीकडे तीच हवी, वेगळी दिसली की कोणती जुनी ते कळतं.

१ डिसेंबर: किंमत

मालक म्हणाले, दोन लाखांनी खाली येऊ, पण लिहू नका. त्याच दिवशी इंग्रजी प्रतीत कोणीतरी सवयीने 'निगोशिएबल' घातलं होतं, मराठीत नव्हतं. म्हणजे इंग्रजी वाचणारा ३५ लाखांपासून बोलणी सुरू करणार आणि मराठी वाचणारा ३७ देणार. हे न्यायाचं नाही आणि मालकांच्या सोयीचंही नाही. दोन्हीकडे एकच वाक्य: किंमत ३७ लाख रुपये, बोलणी जागा पाहिल्यावर. इंग्रजीत ३७ लाखांच्या पुढे मिलियनचा आकडा दिला. स्वल्पविराम लाखाच्या पद्धतीने घातला तर परदेशातला वाचक गोंधळतो, मिलियनच्या पद्धतीने घातला तर इथला, म्हणून लांबलचक शून्यांचा आकडाच टाळला.

```
Price: Rs 37 lakh (Rs 3.7 million) for the whole area. Terms to be discussed after a site visit.
```

१२ डिसेंबर

बोज्याची नोंद कमी झाली. नवीन सातबारा काढला, आणखी १५ रुपये. तक्त्यातली १४ वी ओळ बदलली, मग त्याच बैठकीत दोन्ही वाक्यं, मग दोन्हीकडची तारीख. मालकांनी मात्र जुनीच मराठी प्रत कोणाला तरी पुढे पाठवली होती, बोज्याच्या ओळीसकट. तो माणूस आज फोनवर विचारत होता की चाळीस हजारांचं कर्ज कोण भरणार. त्याला नवीन सातबारा पाठवला आणि २४ नोव्हेंबरची प्रत पुसायला सांगितली.